अठरा उंदीर

अर्जात प्राण्यांची संख्या लिहायला एक रकाना असतो. तिथं मी १८ लिहिलं होतं आणि 'एवढेच का' अशा अर्थाच्या पुढच्या रकान्यात 'गट ३, प्रत्येक गटात ६' असं. हे कारण नव्हतं, पाढा होता. पण नाशिकमधल्या ज्या फार्मसी कॉलेजच्या प्राणिगृहात मला प्रयोग करायचा होता, तिथले जुने प्रबंध मी चाळले होते आणि जिथंतिथं सहाचेच गट दिसले होते. म्हटलं, इथली रीत दिसतेय, आपणही पाळू.

मी मानसशास्त्र शिकवते. आमच्या कॉलेजात कला शाखा, त्यामुळे प्राणिगृह असण्याचा प्रश्नच नाही. एम.ए.ला असताना स्किनर बॉक्सचं प्रात्यक्षिकसुद्धा मी संगणकावरच्या 'स्निफी' नावाच्या उंदरावर केलं होतं. त्याने कळ दाबली की पडद्यावर दाणा पडायचा, तास संपला की फाइल बंद. दाणा कधी द्यायचा आणि कधी थांबवायचा, एवढं शिकायला तो पुरेसा होता. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७ मध्येच म्हटलंय की पुस्तकं, प्रतिकृती, चित्रफिती यांनी शिकवण्याचं काम भागत असेल तर प्राण्यावर प्रयोग टाळावा. मला हे तेव्हा माहीत नव्हतं; कॉलेजकडे उंदीर नाहीत म्हणून स्निफी, एवढंच वाटायचं.

पीएच.डी.चा विषय मात्र स्निफीच्या आवाक्यातला नव्हता. तो घरातूनच आला. धाकटा भाऊ अंबडच्या एका कंपनीत आहे आणि त्याची पाळी दर आठवड्याला फिरते: फर्स्ट, सेकंड, नाइट. नाइट संपल्यावरच्या रविवारी त्याला मिसळ खायला चल म्हटलं की म्हणतो, "नको गं ताई, तुम्ही जा." भूक असते, झोप झालेली असते, तापबीप काही नाही. फक्त कशातच रस नसतो. नाशिकच्या माणसाने मिसळीला नको म्हणायचं, तेही लागोपाठ तीन रविवार! सुखाची गोडीच न लागणं हे नैराश्याच्या मुख्य लक्षणांपैकी एक. हे थकव्याने होतं, एकटेपणाने होतं, की उजेड-अंधाराचं वेळापत्रक सारखं सरकण्यानेच होतं, असा माझा प्रश्न होता.

आमच्या अभ्यासक्रमात सेलिगमनचे कुत्र्यांवरचे आणि हार्लोचे माकडांवरचे प्रयोग इतक्या सहजपणे येतात की परवानगी हा शब्द मनात येत नाही. इथं मात्र सगळं परवानगीपासून सुरू होतं. प्राणिगृह केंद्राच्या समितीकडे नोंदलेलं हवं (पूर्वी तिला सीपीसीएसईए म्हणत, आता सीसीएसईए), उंदीर नोंदणीकृत पैदास केंद्रातूनच आणायचे, आणि 'फॉर्म बी' भरून संस्थेच्या प्राणी नीती समितीपुढे जायचं. उंदरांसारख्या लहान प्राण्यांबाबत हीच समिती निर्णय घेते. तिच्यात संस्थेचे शास्त्रज्ञ, एक पशुवैद्य, एक बाहेरच्या संस्थेतला शास्त्रज्ञ, विज्ञानाशी संबंध नसलेला एक समाजातला सदस्य आणि केंद्राने नेमलेला नॉमिनी असतो. नॉमिनी नसेल तर बैठकच होत नाही. आमची पहिली तारीख तशीच गेली आणि पुढची मिळायला दोन महिने लागले.

अर्जाचा सांगाडा तीन 'आर'वर उभा असतो. रिप्लेसमेंट, म्हणजे प्राण्याऐवजी दुसरं काही चालेल का. रिडक्शन, म्हणजे कमी प्राण्यांत भागेल का. रिफाइनमेंट, म्हणजे जे करणार ते कमी त्रासात करता येईल का. १९५९ मध्ये इंग्लंडमधल्या रसेल आणि बर्च यांनी हे मांडलं. त्यातले रसेल प्राणिशास्त्रज्ञ तर होतेच, शिवाय मानसशास्त्राचेही अभ्यासक होते, हे आमच्या वर्गात कुणी सांगत नाही. मी हे तीन रकाने जुन्या अर्जांतली वाक्यं फिरवून भरले होते. 'पर्याय उपलब्ध नाही.' 'कमीत कमी प्राणी वापरले जातील.' 'प्राण्यांची योग्य काळजी घेतली जाईल.' वाचताना छान वाटतात आणि कुठल्याही अर्जात चालतात, हाच त्यांचा दोष.

मूळ बेत असा होता. पहिल्या गटाला रोज बारा तास उजेड, बारा तास अंधार, वेळ कायम. दुसऱ्या गटाची उजेडाची वेळ आठवड्यातून एकदा आठ तास सरकवायची. तिसऱ्याची दर तीन दिवसांनी. चार आठवड्यांनी सगळ्यांची पोहण्याची चाचणी. ही चाचणी पोरसोल्ट यांनी १९७७ मध्ये आणली. उभट काचपात्रात पाणी असतं, उंदराला बाहेर पडता येत नाही. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं, दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं, आणि त्या पाचांत तो हातपाय मारायचं थांबवून किती वेळ नुसता तरंगतो ते मोजायचं. जास्त तरंगला तर जास्त निराश, असा सरळ हिशेब.

बैठकीत पहिला प्रश्न समाजातल्या सदस्यांनी विचारला. निवृत्त शाळामास्तर. माझा सारांश त्यांनी पेन्सिलीने खुणा करत वाचला होता. "मॅडम, सातपूर-अंबडला पाळीतली माणसं हजारोंनी आहेत. त्यांना बोलता येतं. मग उंदराला कशाला विचारताय?"

मी तयारीचं उत्तर दिलं की माणसांत चहा, दारू, घरची कामं, पगार, सगळं मिसळलेलं असतं, उजेड वेगळा काढता येत नाही. ते बरोबरच होतं. पण पशुवैद्य सरांनी लगेच पुढचं विचारलं, "उंदीर रात्री जागतो. तुमच्या कामगाराला नाइट जड जाते, याला दिवस. मग याच्या उजेडावरून त्याच्या नाइटबद्दल काय सांगणार?"

मी गप्प. माझ्या अर्जाचं शीर्षक होतं 'फिरत्या पाळीचा मनःस्थितीवर परिणाम'. यातला 'फिरत्या पाळीचा' हा भाग उंदराला विचारताच येत नव्हता. त्याला पाळी नसते. वेळापत्रक सरकल्यामुळे सस्तन प्राण्याची गोडीची ओढ कमी होते का, एवढाच तुकडा त्याच्याकडे नेता येणार होता. बाकी सगळं, म्हणजे थकवा, घर, एकटेपणा, रविवारची मिसळ, ते माणसांकडेच होतं आणि प्रश्नावल्या घेऊन करता येणार होतं. रिप्लेसमेंटच्या रकान्यात आपण 'हो' किंवा 'नाही' लिहितो. प्रश्नाचे तुकडे करून काही तुकड्यांना 'हो' म्हणता येतं, हे मला त्या टेबलावर कळलं. माणसांचा भाग मी वेगळ्या, माणसांवरच्या संशोधनासाठी असलेल्या नीती समितीकडे नेला. प्रबंधाची दोन प्रकरणं आता त्यावरच आहेत आणि तीच जास्त वाचनीय आहेत, हे कबूल करते.

मग पोहणं. पशुवैद्य म्हणाले, "दुसऱ्या दिवशी तो लवकर तरंगायला लागला, तर तो निराश झाला की शहाणा झाला?"

हा वाद नवा नाही, फक्त मी तो गांभीर्याने घेतला नव्हता. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं हातपाय मारून बाहेर पडता आलं नाही आणि शेवटी कुणीतरी उचललंच, तर दुसऱ्या दिवशी दम वाचवून तरंगत राहणं हे चांगलं शिकल्याचं लक्षण असू शकतं. औषधांच्या पहिल्या चाळणीसाठी ती चाचणी रुळली आणि मग तिला 'नैराश्य मोजणारी' हे नाव चिकटलं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने २०२४ मध्ये तिच्यावर कायद्याने बंदी घातली. माझ्यापुरता मुद्दा आणखी साधा होता. मला जे मोजायचं होतं, गोडीची ओढ, ते ही चाचणी मोजतच नव्हती. म्हणजे त्रास देऊन मी चुकीची गोष्ट मोजणार होते.

शेवटी बाहेरच्या संस्थेतून आलेले सर बोलले. ते संख्याशास्त्रातले नव्हते, पण आकड्यांत पक्के होते. "उजेडाची वेळ कशी बदलणार?"

"खोलीतल्या कपाटांना टायमर आहेत सर. प्रत्येक गट एका कपाटात."

"म्हणजे कपाटं तीन."

"हो."

"मग तुमचे प्राणी अठरा नाहीत. तीन आहेत."

मला वाटलं, चेष्टा करतायत. तसं नव्हतं. उजेडाचं वेळापत्रक मी उंदराला देत नव्हते, कपाटाला देत होते. एका कपाटाचा पंखा घरघरला, एक दाराजवळ असलं, एकात दमट वाटलं, तर त्यातल्या सहाही उंदरांवर सारखाच परिणाम होणार आणि मी तो उजेडाच्या खात्यावर मांडणार. ज्याला उपाय वेगवेगळा आणि स्वतंत्रपणे देता येतो, तोच मोजायचा एकक. इथं तो कपाट होता आणि प्रत्येक परिस्थितीचं एकच कपाट होतं. एका कपाटात सहा ठेवा नाहीतर साठ ठेवा, तुलना तीन कपाटांचीच. मग सर म्हणाले ते अजून टोचतं: "यात अठरा उंदीर वाया जातील. कमी प्राणी म्हणजे रिडक्शन नव्हे हो. ज्यातून उत्तरच निघणार नाही असा एक प्राणीसुद्धा जास्तच."

आणि समजा एककाची चूक नसती, तरी सहाचा गट तोकडाच होता. प्रमाण विचलन म्हणजे एकाच गटातले आकडे सरासरीभोवती साधारण किती पसरलेत त्याचं माप; दोन गटांत सहा-सहा घेतले तर ८० टक्के खात्रीने पकडायला फरक जवळजवळ १.८ प्रमाण विचलनाइतका लागतो. इतका फरक असेल तर तो बहुतेक नुसत्या डोळ्यांनाच दिसेल. मध्यम फरक असला तर प्रयोग 'काही आढळलं नाही' म्हणणार, आणि मग दुसरा कुणी तोच प्रयोग पुन्हा सहा-सहा उंदीर घेऊन करणार.

अर्ज परत आला. 'सुधारून पुन्हा सादर करावा.' त्या रात्री मी रडले वगैरे नाही, पण भावाला फोन केला तेव्हा तो नाइटला होता आणि म्हणाला, "ताई, तुझे उंदीर माझ्यापेक्षा बरे, त्यांच्यासाठी बैठका तरी होतात."

नव्याने मांडणी करताना पोहण्याच्या जागी मी गोड पाण्याची चाचणी घेतली. उंदराला दोन बाटल्या द्यायच्या: एकीत साधं पाणी, दुसरीत १ टक्का साखरेचं. रात्रभरात त्याने एकूण जेवढं प्यायलं त्यातलं गोड किती टक्के, हा आकडा. ५० म्हणजे काहीच आवड नाही. निरोगी उंदीर स्पष्टपणे गोडाकडे झुकतो, आणि तो झुकाव कमी झाला तर गोडी कमी झाली असं मानायचं. भावाच्या मिसळीच्या हे पोहण्यापेक्षा कितीतरी जवळचं. शिवाय यात दुखवायचं काही नाही, त्यामुळे त्याच उंदराची पुन्हा पुन्हा चाचणी घेता येते.

या 'पुन्हा पुन्हा'नेच संख्येचं गणित फिरलं. गट वेगवेगळे न ठेवता प्रत्येक उंदराला दोन्ही परिस्थिती द्यायच्या: चार आठवडे स्थिर वेळापत्रक, तीन आठवडे विश्रांती, चार आठवडे सरकतं वेळापत्रक. निम्म्यांना याच्या उलट क्रमाने, म्हणजे वय वाढल्याचा परिणाम दोन्हीकडे सारखा पडेल. तिसरा गट मी काढूनच टाकला. तो फक्त 'असू दे' म्हणून होता. कपाटांऐवजी प्रत्येक पिंजऱ्याला स्वतःची उजेडबंद पेटी, स्वतःचा दिवा आणि टायमर. आता एकक झाला पिंजरा. एक प्रमाण विचलनाइतका फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा, तर वेगवेगळ्या गटांच्या पद्धतीत प्रत्येक बाजूला १७ पिंजरे लागतात, म्हणजे एकूण ३४. त्याच पिंजऱ्याची स्वतःशीच तुलना केली आणि दोन मोजमापांत मध्यम संबंध धरला तर १० पुरतात.

दहा पिंजरे, दहा उंदीर. मी खूश. अठरावरून दहावर! हा मसुदा घेऊन पशुवैद्य सरांना भेटायला गेले तर ते म्हणाले, "एका पिंजऱ्यात एक? अकरा आठवडे? एकटा?"

उंदीर कळपात राहणारा प्राणी. एकटं ठेवणं हाच त्याच्यासाठी ताण, आणि त्यानेही गोडी कमी होऊ शकते. म्हणजे मी ज्याला 'स्थिर परिस्थिती' म्हणणार होते ती आधीच बिघडलेली असणार. दोघांना एकत्र ठेवलं की उंदीर वीस होतात, पण एकक दहाच राहतो, कारण उजेड पिंजऱ्याला मिळतोय. इथं दोन 'आर' एकमेकांच्या अंगावर आले. संख्या निम्मी करायची तर प्रत्येकाला एकटं पाडा, नाहीतर दुप्पट आणा. सरांचं मत पक्कं होतं: संख्या घटवायची म्हणून उरलेल्यांचा त्रास वाढवायचा नाही. दहा दुःखी उंदरांपेक्षा वीस बरे राहिलेले चांगले. मला हे पटायला दोन दिवस लागले, कारण कागदावर वीस हा आकडा वाईट दिसतो. अठरा मागून अर्ज परत आल्यावर वीस मागायला जायचं!

एक अडचण उरली. दोघे एकत्र प्यायले तर कुणी किती प्यायलं ते कळत नाही. प्राणिगृहातल्या मामांनी, ज्यांना तिथं वीस वर्षं झालीत, मार्ग सांगितला: चाचणीच्या रात्रीपुरता पिंजऱ्याच्या मधोमध भोकं पाडलेला पारदर्शक पडदा सरकवायचा. एकमेकांचा वास येतो, दिसतात, पडद्याला चिकटून झोपतातही. सकाळी पडदा काढायचा. मग दोघांची सरासरी तोच पिंजऱ्याचा आकडा, आणि सरासरीमुळे तो थोडा जास्त भरवशाचाही होतो.

दुसऱ्या बैठकीत वीसवर कुणी हरकत घेतली नाही. ३४ पिंजरे आणि ६८ उंदीर लागले असते ते १० आणि २० वर कसे आले, हे मी एका पानावर मांडलं होतं. नॉमिनी मॅडमनी मात्र शेवटच्या पानावर बोट ठेवलं. 'प्रयोगानंतर' या रकान्यात मी जुन्या अर्जातून 'वेदनारहित मृत्यू' असं उतरवलं होतं. "मेंदू काढून काही तपासणार आहात का?" नाही. "रक्त?" नाही. "मग मारायचं कशासाठी?" याला उत्तरच नव्हतं, आधीच्या अर्जात होतं म्हणून माझ्याही अर्जात होतं, इतकंच. आपल्याकडे तीन 'आर'ला पुनर्वसनाचा चौथा जोडलेला आहे आणि नंतर सांभाळण्याचा खर्च प्रकल्पाच्या खर्चातच धरायचा असतो. मी अंदाजपत्रकात खाद्य, भुसा आणि पशुवैद्याच्या तपासणीची ओळ वाढवली. परवानगी मिळाली.

पेट्या अंबडच्या एका वर्कशॉपमधून करून घेतल्या. मी आधी प्लायवूडच्या सांगितल्या होत्या, स्वस्त म्हणून. त्या धुता येत नाहीत, मूत्र शोषतात, असं सांगून पशुवैद्य सरांनी त्या रद्द केल्या. मग पावडर कोटिंग केलेला पत्रा. दिवेही मंद ठेवावे लागले, कारण आमचे उंदीर विस्टार जातीचे, म्हणजे पांढरे, लाल डोळ्यांचे. रंगद्रव्य नसल्याने झगझगीत उजेडाने त्यांचा दृष्टिपटल खराब होतो. मग उंदीर उजेड बघतोय की नाही हाच प्रश्न.

उंदीर आल्यावर पहिला आठवडा नुसती ओळख. तिथले विद्यार्थी शेपटीला धरून उचलायचे आणि मीही तसंच करायला लागले होते. हर्स्ट आणि वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवलं होतं की शेपटीने उचललेली छोटी उंदरं, म्हणजे माउस, नळीत किंवा ओंजळीत उचललेल्यांपेक्षा जास्त घाबरट होतात. पुढे २०१८ मध्ये ब्रिटनमध्येच असंही दिसलं की शेपटीने उचललेल्या माउसांना गोड पाण्याची गोडी कमी लागते. माझी मोजपट्टीच गोड पाणी! उचलायच्या सवयीने मी माझाच आकडा खाली ढकलत असणार. माझे मोठे उंदीर, म्हणजे रॅट होते, पण रॅटबाबत वेगळं असेल ही आशा धरण्यात अर्थ नव्हता. आम्ही दोन्ही हातांनी छातीखालून उचलायला लागलो. चौथ्या दिवसापासून ते आपणहून हातावर यायला लागले.

मग बाटल्यांनी घाम काढला. पहिल्या सरावाच्या रात्री एका उंदराचा आकडा आला: गोड १४ ग्रॅम, साधं ४ ग्रॅम, म्हणजे ७८ टक्के. शेजारच्याने साधंच जास्त प्यायलं होतं. मामा म्हणाले, "मॅडम, प्यायलं नाही, सांडलंय. भुसा बघा." मी हात घालून पाहिला, नळीखालचा भुसा ओला. त्यानंतर आम्ही रोज एका रिकाम्या पिंजऱ्यावर दोन बाटल्या टांगायला लागलो. तिथं कुणी पीत नाही, म्हणजे सकाळी जे वजन कमी भरेल ते निव्वळ ठिबकणं. काही बाटल्या रात्रीत ३ ग्रॅम गळत होत्या. पहिल्या उंदराच्या साध्या पाण्यातून ते ३ वजा केले तर तो १ ग्रॅमच प्यायला होता आणि ७८ चे ९३ टक्के झाले. उंदीर तोच, रात्र तीच. अशी गळती दहा पिंजऱ्यांत वेडीवाकडी पसरली की आकड्यांचा पसारा वाढतो, आणि पसारा वाढला की तेवढाच फरक पकडायला जास्त पिंजरे लागतात. म्हणजे एका खराब वॉशरच्या बदल्यात आणखी उंदीर. तीस रुपयांचे वॉशर, नळीच्या टोकाला छर्रा असलेल्या नव्या बाटल्या, टांगताना हिसका न देणं, पेटीचं दार हळू लावणं. रिडक्शनच्या रकान्यात हे कुणी लिहीत नाही, मीही लिहिलं नव्हतं.

बाटल्यांच्या जागाही मध्यरात्री बदलाव्या लागल्या, कारण तीन उंदीर डावीकडचंच प्यायचे, तिथं काहीही असो. आणि मार्चनंतर साखरेचं पाणी रोज ताजं, नाहीतर सकाळपर्यंत आंबूस वास.

मुख्य प्रयोग सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात सातव्या पिंजऱ्यातल्या एकाच्या डोळ्यांभोवती आणि नाकपुडीपाशी लाल दिसलं. मी घाबरून पशुवैद्य सरांना फोन लावला, "रक्त येतंय." त्यांनी ओल्या कापसाने पुसून दाखवलं. रक्त नव्हतं. उंदराच्या डोळ्यामागच्या ग्रंथीतून लालसर स्राव येतो, आजारी किंवा ताणात असला की तो अंग स्वच्छ करायचं सोडतो आणि स्राव साचून दिसतो. श्वासाला घरघर होती. वजन मी रोज करत होते आणि ते घटलं नव्हतं, म्हणून मला काही वाटलं नव्हतं. सरांनी तक्ता फिरवून दाखवला: बाकीचे एकोणीस उंदीर त्या आठवड्यात वाढले होते, हा जिथल्या तिथं. "वाढत्या वयात वजन न वाढणं म्हणजे घटणंच." अर्जात मी 'सुरुवातीच्या वजनापेक्षा १५ टक्के घट' झाल्यावर उंदीर बाहेर काढायचा असं लिहिलं होतं. ते बदलून 'त्या वयाच्या सोबत्यांच्या सरासरीपेक्षा' असं करून समितीला कळवलं.

त्या उंदराला प्रयोगातून काढलं. जोडीदार एकटा उरला. त्याच्यासोबत नवा आणायचा तर समितीकडे पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख, शिवाय मोठे झालेले अनोळखी नर एकत्र टाकले की भांडतात. मी नऊ पिंजऱ्यांवर गणित करून पाहिलं. खात्री ८० टक्क्यांवरून साधारण ७५ वर येत होती. बाहेरच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, चालेल, पण हे आत्ताच लिहून ठेवा, निकाल बघितल्यावर नको.

आजारी उंदीर औषधाने पंधरा दिवसांत सावरला. तो आणि त्याचा जोडीदार आता बाजूच्या खोलीत एका पिंजऱ्यात आहेत, उजेड ठरलेल्या वेळी, बाटली एकच, साध्या पाण्याची. सोमवारी पहिल्या पाच पेट्यांचा टायमर आठ तास पुढे सरकवला. मामांनी नोंदवही पुढे केली आणि मी त्या दिवसाची ओळ भरली: मंजूर २०, आणलेले २०, प्रयोगात १८.